शाळू की बाजरी

माझ्या पुस्तकाच्या प्रकाशनाला आता पाच आठवडे होऊन गेले, तरी त्या संध्याकाळची एक गोष्ट मनातून जात नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या भाच्याने ‘आता लेखिकेचे मनोगत’ असे म्हटल्यावर मी उभी राहिले, चष्मा पुसून लावला आणि ठरवल्याप्रमाणे कोणतेही नमन न करता पुस्तकातले पहिलेच वाक्य वाचले, ‘शाळूची काढणी ऐन भरात असताना, फेब्रुवारीतल्या एका थंड पहाटे माझा जन्म झाला.’ या वाक्यानंतर क्षणभर थांबायचे, अशी तांबड्या शाईची खूण मी कागदावर करून ठेवली होती. त्याप्रमाणे मी थांबले आणि नेमक्या त्या शांततेत पहिल्या रांगेतून आक्काचा आवाज आला, “शाळू न्हवं गं, बाजरी हुती.” ऐंशीएक माणसे मनापासून हसली. मीही हसले आणि म्हणाले, “हो हो आक्का, आपण नंतर बोलू हं.” मग खाली बघून पुढचे वाक्य वाचू लागले.

मनात राहिले आहे ते ते ‘हो हो’. सदतीस वर्षे वर्गात मी तो स्वर वापरला. धडा रंगात आलेला असताना मागच्या बाकावरचे एखादे पोर उठून काहीतरी सांगू पाहते, तेव्हा त्याला न दुखवता खाली बसवण्यासाठी प्रत्येक शिक्षिकेकडे असा एक स्वर असतो. पोर खाली बसते, पण जे सांगायचे होते ते पुन्हा सांगायला येत नाही. आक्काने डोक्यावरचा पदर थोडा पुढे ओढून घेतला आणि नंतर पूर्ण कार्यक्रमात ती एक शब्दही बोलली नाही.

खरे तर ते मनोगत मी तिच्यासाठीच बेतले होते. मनोगत म्हणजे काय असते ते आपण सगळ्यांनी शेकडो वेळा ऐकलेले आहे. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, चंदेरी कागदात गुंडाळलेल्या प्रती, त्यांची न सुटणारी गाठ, आणि मग लेखकाचे ‘मी काही लेखक नाही’ या वाक्याने सुरू होणारे भाषण. माझा पहिला खर्डाही अगदी तसाच झाला होता. फुलस्केपची सात पाने भरली. स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर उभी राहून मोठ्याने वाचली, तर चोवीस मिनिटे लागली, आणि त्यांपैकी नऊ मिनिटे निव्वळ नावांची होती. दीर, जावा, भाचे, भाचसुना, टंकलेखन करून देणारी पुतणी, मुद्रिते तपासणारे शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक अशी एकतीस नावे घेतल्यावर माझ्याच लक्षात आले की, हे मनोगत नसून लग्नपत्रिका झाली आहे. शिवाय अशा यादीचा धोका प्रत्येक घराला माहीत असतो. तीस जणांना आपले नाव ऐकून जो आनंद होतो, त्याहून न घेतलेल्या एकतिसाव्याचा राग जास्त टिकतो. पुस्तकात ऋणनिर्देशाचे पान छापलेले होतेच. म्हणून भाषणातून मी सगळी नावे काढून टाकली आणि ‘तुमची नावे पान सहावर आहेत, ज्यांचे राहून गेले असेल त्यांनी मला घरी येऊन रागवावे’ एवढे एकच वाक्य ठेवले.

मग मी जुन्या सवयीने त्या भाषणाचे टाचण काढले. आम्हांला डी.एड.ला पाठाचे टाचण काढायला शिकवले होते. प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, उपयोजन असे त्याचे टप्पे असत. त्यांतले हेतुकथन मला नेहमी अवघड जायचे, कारण आज आपण काय शिकणार आहोत हे मुलांना एका वाक्यात सांगायचे असते, आणि ते वाक्य सापडत नसेल तर पाठ आपल्यालाच नीट कळलेला नाही असे समजावे लागते. भाषणाच्या बाबतीत मला ते तीन दिवस सापडले नाही. समोर बसणाऱ्यांपैकी निम्मे लोक पुस्तकात आहेत आणि उरलेले त्यांचे नातेवाईक आहेत. अशांना त्या पुस्तकाचा परिचय करून द्यायचा म्हणजे नक्की काय सांगायचे? प्रसंग सांगावेत, तर ते त्यांना माहीत आहेत. न माहीत असलेले सांगावेत, तर ते सभागृहात पहिल्यांदा ऐकून कोणाचे तोंड उतरेल याचा नेम नाही. यजमानांच्या शेवटच्या आजारपणावरचे दोन परिच्छेद मी भाषणात घेतले होते, पण सरावाच्या वेळी तिन्ही वेळा त्याच ओळीवर आवाज गेला, तेव्हा तेही काढून टाकले. ज्याला ते वाचायचे आहे त्याने घरी, आपल्या वेळेने वाचावे.

तिसऱ्या रात्री आक्काचा विचार मनात आला, आणि बाकीचे आपोआप सुटत गेले. पुस्तकात सर्वांत जास्त वेळा येणारे माणूस ती आहे, आणि त्या सभागृहात पुस्तक वाचू न शकणारे माणूसही तीच एक असणार होती. ती कधी शाळेत गेलेली नाही. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, आई रानात गेल्यावर आम्हां चौघांना सांभाळणारी. बाकीच्यांसाठी माझे भाषण हे पुस्तकाचे दार होते, पण तिच्यासाठी ते भाषण हेच पुस्तक होते, कारण बारा मिनिटांत मी जे वाचणार होते तेवढेच तिच्या वाट्याला येणार होते. म्हणून स्वतःविषयी बोलणे कमी करून वाचन वाढवायचे, असे मी ठरवले. दोन उतारे निवडले. पहिले पान, कारण ते माझ्या जन्माचे आणि आमच्या घराचे होते. दुसरा उतारा वाडीवरच्या शाळेतल्या जन्मतारखांचा, कारण त्यावर लोक हसतील याची मला खात्री होती. कोऱ्या कागदाच्या एकाच बाजूला, बोटभर मोठ्या अक्षरांत सगळे उतरवून काढले आणि पाने टाचली नाहीत. टाचलेली पाने उलटताना ध्वनिक्षेपकात फार खडखड होते, हे शाळेच्या स्नेहसंमेलनांत मी शिकले होते.

एवढी तयारी केली, आणि पहिलेच वाक्य चुकीचे निघाले.

घरी आल्यावर मी ते पान पुन्हा वाचले. पहाटेची कोरडी थंडी, दवाने पात मऊ असते म्हणून अंधारातच काढणीला निघालेली माणसे, बांधावर उभ्या केलेल्या कडब्याच्या पेंढ्या, आणि घरात कंदिलाच्या उजेडात आई. प्रकाशकांच्या वाचकाने या परिच्छेदाचे कौतुक केले होते, आणि मलाही तो मनातून आवडला होता. तो मी कुठून आणला, असे स्वतःलाच विचारल्यावर लक्षात आले की, आईने मला जन्माविषयी एकच वाक्य सांगितलेले होते, ‘तू सुगीत झालीस.’ बाकी सारे माझे. माणदेशात सुग्या दोन. पाऊस बरा झाला तर भाद्रपद-आश्विनात बाजरी, आणि माघ-फाल्गुनात शाळू. मी शाळू धरला, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी शाळूच्या काढणीचे जे दृश्य मी वाडीवर पाहिले होते ते मला फार सुंदर वाटले होते. आईचे वाक्य आणि माझे दृश्य यांची गाठ केव्हा पडली, ते मला सांगता येणार नाही. मात्र लिहिताना मी काही रचते आहे असे मला एकदाही वाटले नाही. मला ते आठवत होते. स्वतःच्या जन्माची पहाट मला आठवत होती!

यात गंमत अशी की, दुसरा उतारा याच विषयावर होता. १९७८ साली मी माणदेशातल्या एका वाडीवर एकशिक्षकी शाळेत रुजू झाले, तेव्हा जूनमध्ये पटनोंदणीसाठी घरोघर फिरावे लागे. जनरल रजिस्टरमध्ये मुलाची जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोन्ही प्रकारे लिहायची असे, आणि ती सांगणारे कोणी नसे. मेंढरांमागे गेलेल्या घरांतली मुले तर वाटेत, कुठल्या तरी गावच्या शिवारात झालेली असत, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरी नसायची. आई सांगायची, ‘मोठ्या जत्रंच्या आधी झाला’, किंवा ‘म्हस व्याली त्याच आठवड्यात’, आणि मग पुढे, ‘लिवा की बाई तुमच्या मनानं.’ मी मनाने लिहायची. मुलाच्या उजव्या हाताला डोक्यावरून डाव्या कानाला टेकवून बघायची, दात बघायची आणि सहा वर्षे पूर्ण होतील अशा बेताने १ जून घालायची, कारण शाळेचे वर्ष तेव्हा जूनपासून मोजले जाई. त्या पहिल्या वर्षी मी दाखल केलेल्या अकरा मुलांपैकी नऊ मुले एकाच दिवशी जन्मलेली आहेत. हे मी एकटीनेच केले असे नाही. माझ्या आधीच्या गुरुजींनीही तेच केले होते, आणि खुद्द मला शाळेत घातले तेव्हाच्या गुरुजींनीही. माझी दप्तरी जन्मतारीख १ जून १९५७ आहे.

सभागृहात मी विचारले, “ज्यांचा वाढदिवस १ जूनला येतो त्यांनी हात वर करावेत.” चौदा हात वर झाले आणि अपेक्षेप्रमाणे मोठा हशा पिकला. मग मी ३१ मेचा किस्सा सांगितला. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे १ जूनवाले सगळे शिक्षक ३१ मेला निवृत्त होतात, म्हणजे भर उन्हाळ्याच्या सुट्टीत. मी निवृत्त झाले तो ३१ मे २०१५ तर रविवार होता. आदल्या दिवशी केंद्रप्रमुखांनी आणि चार सहकाऱ्यांनी कुलूप उघडलेल्या एका वर्गात मला नारळ दिला, फळ्यावर एप्रिलमधली शेवटची बेरीज तशीच होती, आणि ज्यांचा निरोप घ्यायचा ती मुले कोणी मामाच्या गावी, तर कोणी मेंढरांमागे. सदतीस वर्षांच्या शेवटी वर्ग रिकामा असावा, ही त्या १ जूनची परतफेडच होती, असे मी म्हणाले. लोक आधी हसले आणि मग थोडे गप्प झाले. वक्त्याला जे हवे असते ते सगळे मला मिळाले. टाचणाप्रमाणे पाठ उत्तम झाला.

त्या चौदा हातांपैकी एक हात मात्र बाकीच्यांनी खाली घेतल्यावरही थोडा वेळ वरच होता, हे मी पाहिले होते. कार्यक्रमानंतर सही घेणाऱ्यांच्या रांगेत तो माणूस आला. पन्नाशीचा, अंगाने दणकट, मला लगेच ओळखू आला नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या त्या नऊ जणांपैकी तो एक होता. “बाई, माझी तारीख तुम्ही घातलेली,” तो हसतच म्हणाला. “मी खरा पुढच्या दिवाळीतला. भरतीला दुसऱ्यांदा गेलो तवा दाखल्यावर तीन महिने जास्त भरले. छाती, उंची, पळणं, सगळं बसत हुतं.” मी काही बोलणार तोच तो म्हणाला, “न्हाई, न्हाई, तसं काय न्हाई. टेम्पो घेतला. बरं चाललंय.” आणि पुस्तक पुढे करून म्हणाला, “पोरीच्या नावानं सही करा.” सातारा जिल्ह्यात भरती म्हणजे काय असते, हे मी वेगळे सांगायला नको. शाळा सोडल्यावर दाखल्यावरची तारीख बदलून घेणे किती दुरापास्त असते, तेही मला पुरते ठाऊक आहे, कारण ‘पुरावा आणा’ असे सांगून अशा किती तरी पालकांना मी स्वतःच परत पाठवले आहे. पुरावा कुठून येणार? एकमेव लेखी पुरावा माझ्याच हस्ताक्षरातला होता. मी त्याच्या मुलीचे नाव विचारून सही केली आणि तारीख घालताना पेन क्षणभर अडखळले.

प्रकरण सातमध्ये १ जूनचा तो भाग तीन पाने आहे. त्या तीन पानांत भरतीचा उल्लेख कुठेही नाही.

पुढच्या रविवारी मी आक्काकडे गेले. तिने विषय काढला नाही. मीच म्हणाले, “आक्का, बाजरीचं सांग.” ती शेंगा फोडत होती. तिने हात थांबवला नाही. म्हणाली, त्या वर्षी ऐन सुगीत पाऊस लागला होता. खळ्यावर ठेवली तर कणसांना मोड येतील म्हणून सगळी बाजरी घरात आणून टाकली होती, आणि सोप्यापासून चुलीपर्यंत कणसांचा ढीग होता. आईला टेकायलाही जागा नव्हती. कणसे दोन्ही हातांनी मागे सारून चुलीपाशी घोंगडे अंथरले, आक्का पावसात सुईणीला बोलवायला गेली, आणि ती परत येईपर्यंत मी झालेली होते. “त्या कणसांची बारीक कूस घरभर उडायची. दोन दिस तुला नुसतं लाल लाल उठलं हुतं. म्हातारी म्हणली, देवी आली. देवी कुठली, बाजरी ती.” दवात भिजलेल्या पहाटेपेक्षा हे किती तरी खरे होते, आणि लेखनाच्या दृष्टीनेही किती तरी सरस. माझ्या परिच्छेदात कोणाच्या अंगाला काहीही खाजत नव्हते.

मी विचारले, “मग इतकी वर्षं कधी सांगितलं नाहीस?”

“सांगितलं की,” ती म्हणाली. “शाळेत घालायला तुला मीच नेलं न्हाय का? बा बाजाराला गेला हुता. मास्तरनं इचारलं, जन्म कधीचा. मी म्हणलं, बाजरीत झाली. त्यो हसला आन् त्यानं काय तरी लिवलं.”

म्हणजे १९६३ च्या जूनमध्ये, तेरा वर्षांच्या आक्काने माझ्या जन्माची साक्ष एकदा दिलेली होती. गुरुजींनी ती ऐकली, हसले आणि रजिस्टरात १ जून लिहिले. त्यानंतर साठ वर्षांनी तिने तीच साक्ष दुसऱ्यांदा दिली, तेव्हा मी ‘हो हो’ म्हटले. गुरुजींना निदान रकाना भरायचा होता. मला तर काही घाई नव्हती. साडेचार वर्षे मी ते पुस्तक लिहीत होते, आणि ती दोन गल्ल्या पलीकडे शेंगा फोडत बसलेली होती. तिला पुस्तकात आणण्यापूर्वी मी तिला विचारायला गेले नाही, कारण ती मला पाठ आहे असे मी धरून चालले होते. हिशेबच करायचा तर असा निघतो की, शाळू खरा असता तर मी तीनेक महिने जास्तीची नोकरी केली, असे ठरले असते. बाजरी खरी असल्यामुळे चारेक महिने आधी घरी आले. त्या चार महिन्यांत शाळा सुरू झाली असती, वर्गात मुले असती, आणि निरोपाचा नारळ पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या देखत मिळाला असता. अर्थात बाजरीचे साल कोणते, हे आक्कालाही सांगता येत नाही, त्यामुळे हाही हिशेब मनानेच लिहिलेला आहे.

मुद्रकांना फोन केला. तीनशे प्रतींपैकी एकशे बारा गेल्या आहेत, उरलेल्यांत शुद्धिपत्राची चिठ्ठी घालता येईल, असे ते म्हणाले. मी लिहायला बसले. ‘पान १, ओळ १ : “शाळूची” ऐवजी “बाजरीची” असे वाचावे.’ पण मग ‘फेब्रुवारी’ जायला हवा, ‘थंड पहाट’ जायला हवी, दव, कडबा, पेंढ्या, सगळेच जायला हवे, कारण नुसता शब्द बदलला तर बाजरीच्या रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या राहतील. आणि पान एकची चूक चिठ्ठीवर मावलीही, तरी प्रकरण सातमध्ये जे लिहिलेच नाही, त्याचे शुद्धिपत्र कसे काढायचे, हे मला अजून सुचलेले नाही. मुद्रकांना थोडे थांबायला सांगितले आहे.

दरम्यान मी रोज दुपारी आक्काकडे जाते आणि तिला पुस्तक वाचून दाखवते. ध्वनिक्षेपक नाही, तांबड्या खुणा नाहीत, आणि आता कुठे थांबायचे ते ती ठरवते. माझ्या हातात पेन्सिल असते. समासात मी तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहिते आणि लिहिलेले तिला पुन्हा वाचून दाखवते. काही पानांवर ती काहीच बोलत नाही, काहींवर मान हलवते, आणि आमच्या वडिलांच्या एका प्रसंगावर तर तिने, ‘हे ऱ्हाऊ दे, आसंच चांगलं हाय,’ असे सांगितले, तेव्हा मी तेही समासात लिहून ठेवले. काल आम्ही पान तेवीसवर आलो. तिथे आमच्या विहिरीचे वर्णन आहे, सव्वा पान. मी पहिल्या दोन ओळी वाचल्या, तशी तिने सूप बाजूला ठेवले आणि म्हणाली, “थांब, आदी च्या टाकती. ह्याला येळ लागंल.”